हातमागाच्या सुती कुर्त्याचं वर्णन लिहिताना: पोत, कट, गळा आणि प्रसंग

गेल्या चैत्रात नाशिकहून एका ताईंचा फोन आला. त्यांनी आमच्याकडून आमसुली रंगाचा, खाली बारीक जरीकाठ असलेला मंगळगिरी कुर्ता घेतला होता. आवाज चढलेला नव्हता, पण नाराजी लपत नव्हती. "अहो, एकदाच धुतला मी. लांबी आहे तेवढीच आहे, पण छातीत असा धरलाय की हात वर करता येत नाही. तुम्ही लिहिलं होतं ऐसपैस आहे म्हणून." मी वर्णन उघडून पाहिलं. "मऊ, हवेशीर, ऐसपैस सुती कुर्ता, रोजच्या आणि खास प्रसंगांसाठी." हे वाक्य मीच लिहिलं होतं, आणि लिहिताना कुर्ता माझ्या हातात नव्हता, नुसता फोटो होता.

तेव्हापासून मैत्रिणीच्या दुकानासाठी वर्णन लिहायचं असेल, तर कुर्ता टेबलावर असल्याशिवाय मी एक ओळही लिहीत नाही. गिऱ्हाईक दुकानात आलं की कापड चिमटीत धरून चोळतं, उजेडाकडे नेतं, अंगाला लावून आरशात बघतं, गळ्यात बोट घालून खोली जोखतं. घरबसल्या घेणाऱ्याला यातलं काहीच करता येत नाही, म्हणून हे सगळं वर्णनाने त्याच्या वतीने करायचं असतं. ते कसं करायचं हे मी त्याच आमसुली कुर्त्यावरून सांगते.

लागणारं सामान घरातलंच आहे: शिंप्याची टेप, पट्टी, पांढरा रुमाल, छापील कागद आणि जमलं तर ग्रॅमचे शतांश दाखवणारा छोटा काटा. शिवाय त्याच ताग्यातला कापडाचा एक मोठा तुकडा हवाच. तो शिंप्याकडून आधीच मागून ठेवा, कारण कुर्ता शिवून झाला की असे तुकडे कचऱ्यात जातात.

आधी पोत, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे

"मऊ" हा शब्द सुती कुर्त्याच्या वर्णनात सगळ्यांत जास्त वापरला जातो आणि सगळ्यांत जास्त फसवतो. आंध्र प्रदेशातल्या मंगळगिरीचं कापड खड्डामागावर विणलं जातं. वीण साधी आणि घट्ट, अंगावर नक्षी नाही, काठाला जर. नवं असताना हे कापड मऊ नसतं, चांगलंच कडक असतं. एक कारण घट्ट वीण, दुसरं ताण्याच्या, म्हणजे मागावर उभ्या लावलेल्या, सुताला दिलेली खळ. माग चालताना सूत तुटू नये म्हणून ती खळ लागतेच. दोन-तीन धुण्यांत ती निघून जाते आणि कापड सैलावतं. म्हणून लिहायचं ते असं: "नवा असताना कडक, इस्त्री केल्यावर घडी ताठ राहते, दोन-तीन धुण्यांनंतर सैल आणि मऊ होतो." यात गिऱ्हाइकाला आजचा स्पर्शही कळतो आणि पुढच्या महिन्यातलाही. नुसतं "मऊ" वाचून घेणारी बाई पाकीट उघडल्याबरोबर म्हणणार, हे तर पुठ्ठ्यासारखं आहे.

पोत ओळखायला कापड तीन प्रकारे बघा. पहिल्यांदा डोळे मिटून अंगठा आणि तर्जनीत चोळा. सूत बोटाला कुठे जाड, कुठे बारीक लागतं का? या कुर्त्यात आडव्या धाग्यांत मधूनच एखादा जाडसर लागतो. खिडकीपाशी नेलं तर त्या जागी बारीक रेघ उमटलेली दिसते. तो दोष नाही, पण वर्णनात आला नाही तर गिऱ्हाइकाला दोषच वाटणार. आम्ही लिहितो: "विणीत अधूनमधून जाड धागा येतो, जवळून पाहिल्यास बारीक रेघ दिसते." आणि त्या रेघेचा जवळून काढलेला एक फोटो सोबत देतो. हे सुरू केल्यापासून त्या कारणाने कुर्ता परत आलेला नाही.

मग छापील कागदावर कापडाचा एकच थर पसरा. अक्षरं वाचता येत असतील तर कापड झिरझिरीत आहे, आत शमीज लागेल, आणि तसं लिहायला हवं. आमसुली तुकड्याखाली मथळ्याची मोठी अक्षरं अंधूक दिसत होती, मजकूर दिसत नव्हता. त्याच विणीच्या मोतिया रंगाच्या तुकड्याखाली बारीक मजकूरही वाचता आला. वीण सारखी, सूत सारखं, तरी फिक्या रंगाला शमीजची ओळ लागली. म्हणून ही परीक्षा दर रंगाला वेगळी करा. एका रंगाचं वर्णन उचलून दुसऱ्याला चिकटवलं की इथेच घात होतो.

शेवटी वजन. दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरचा चौकोन नीट कापून काट्यावर ठेवा आणि आलेल्या ग्रॅमला शंभराने गुणा. आमचा तुकडा १.१२ ग्रॅम भरला, म्हणजे एका चौरस मीटरला ११२ ग्रॅम. हा आकडा जाणकारांसाठी लिहा, पण बाकीच्यांना तो काहीच सांगत नाही. अख्खा कुर्ता २३५ ग्रॅम भरला, तेव्हा मैत्रीण म्हणाली, "म्हणजे एक चांगला पोसलेला हापूस." तेच आम्ही वर्णनात घेतलं.

काटा नसला तर पडतं कसं ते लिहा. खांद्यावरून सोडलेलं कापड अंगाला चिकटून खाली वाहतं, की अंगापासून थोडं दूर उभं राहतं? मंगळगिरी उभं राहतं. ज्यांना पोटावर कापड चिकटलेलं आवडत नाही त्यांना नेमकं हेच हवं असतं, आणि ज्यांना सुळसुळीत पडणारा कुर्ता हवा त्यांनी हा घेऊच नये. दोघींनाही कळेल असं लिहा.

रंगासाठी पांढरा रुमाल ओला करून आतल्या शिवणीवर दहा-बारा वेळा घासा. डाग उतरला तर "पहिली दोन-तीन धुणी वेगळी धुवा" हे लिहायलाच हवं. पक्क्या निळीत रंगवलेलं कापड कोरडं घासलं तरी थोडा रंग सोडतं, म्हणून निळीच्या कुर्त्यात फिक्या पर्सला रंग लागू शकतो हेही लिहिते.

खादी, हातमाग आणि नाव

हातमागाच्या प्रत्येक सुती कापडाला खादी म्हणायची सवय सोडा. खादी म्हणजे हाताने कातलेलं सूत हातमागावर विणलेलं. १९५६ च्या खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या कायद्यात तशी व्याख्याच आहे. सूत गिरणीचं आणि वीण हातमागाची असेल तर ते हातमागाचं कापड झालं, खादी नव्हे. शिवाय २०१३ पासून खादी चिन्हाचे नियम आहेत, आयोगाच्या प्रमाणपत्राशिवाय आपला माल खादी म्हणून विकता येत नाही. हातमागाच्या कापडासाठी वेगळं हातमाग चिन्ह आहे, ते २००६ पासून. विणकर संस्थेकडून माल घेताना त्याची लेबलं मागा, आणि असतील तरच वर्णनात लिहा.

नुसत्या नजरेने हातमाग आणि यंत्रमाग ओळखता येतो असं ठामपणे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. किनारीजवळची टोचणीची भोकं यंत्रमागाच्या कापडालाही असतात, आणि चांगल्या विणकराची वीण यंत्रासारखी एकसारखी येऊ शकते. भरवसा ठेवायचा तो खरेदीच्या बिलावर आणि चिन्हावर. मंगळगिरीच्या कापडाला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा ते नावही तिथून आलेल्या कापडालाच लावा. दुसरीकडे विणलेलं तसंच दिसणारं कापड असेल तर "घट्ट साधी वीण, जरीकाठ" एवढं लिहून थांबा.

कट: इथे नाशिकच्या ताईंचं कोडं सुटलं

फोन ठेवल्यावर मी उरलेला तुकडा घेतला, त्यावर पेनने ५० सेंटिमीटरचा चौकोन आखला, साध्या पाण्यात धुतला, सावलीत वाळवला आणि पुन्हा मोजला. ताण्याच्या दिशेने, म्हणजे काठाला समांतर, तो ४८.५ सेंटिमीटर झाला होता. बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या, दिशेने ४९.२५. म्हणजे एका बाजूने तीन टक्के आटला, दुसऱ्या बाजूने दीड. हे नेहमीचंच आहे. मागावर ताणा ओढून धरलेला असतो, पाणी लागलं की तो ताण सुटतो, आणि कापड त्या दिशेने जास्त आटतं.

एरवी कुर्ता बेतताना ताणा उभा ठेवतात, त्यामुळे धुतल्यावर आधी लांबी कमी होते, आणि इंचभर लांबी गेली तर फारसं कुणी तक्रार करत नाही. पण या कुर्त्याचा जरीकाठ खाली घेरावर आला होता. काठ तर कापडाच्या किनारीला असतो. तो घेरावर आणायचा म्हणजे कापड आडवं वळवून बेतायचं. ताणा अंगाभोवती गेला, आणि तीन टक्के छातीतून गेले. शिवलेली छाती ४० इंच होती, धुतल्यावर ३८.८ राहिली. ताईंची छाती ३६. चार इंचांची सैल पावणेतीनवर आली, आणि हे सुती कापड ताणत नसल्यामुळे तेवढ्यात हात वर करताना मुंढा ओढायला लागला. लांबी ४४ ची ४३.३ झाली, ती त्यांच्या लक्षातही आली नाही.

तेव्हापासून कटाबद्दल लिहिताना पहिला प्रश्न हाच असतो: काठ कुठे आहे आणि ताणा कुठल्या दिशेला? काठ घेरावर असेल तर आणखी एक गोष्ट ओघाने येते. अशा कुर्त्याची लांबी कापडाच्या पन्ह्याएवढीच, म्हणजे रुंदीएवढीच मिळते. ४६ इंच पन्ह्यात ४४ ची लांबी बसते, ५० ची बसत नाही. उंच गिऱ्हाइकाने जास्त लांबीचा मागितला तर नाही म्हणावं लागतं, आणि त्याचं कारण एका ओळीत लिहिलं तर तो प्रश्न येतच नाही.

मापं घेताना कुर्ता सपाट टेबलावर ठेवा, सुरकुत्या हाताने काढा, पण ताणू नका. छाती मुंढ्याच्या खाली एक इंचावर, या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत मोजून दुप्पट करा. लांबी गळ्याजवळच्या खांद्याच्या टोकापासून. मग दोन मापं वेगळी लिहा, कुर्त्याची आणि अंगाची. "छाती ४०" एवढंच लिहिलं तर निम्म्या बायका ते अंगाचं माप समजतात. "कुर्त्याची छाती ४० इंच, ३५ ते ३६ छातीच्या अंगासाठी" असं लिहिलं की घोटाळा उरत नाही.

बाजूचे कट कुठून सुरू होतात हे फार कमी लोक लिहितात, आणि अंगावर तेच सगळ्यांत आधी जाणवतं. या कुर्त्यात ते खांद्यापासून २४ इंचांवर आहेत, म्हणजे बऱ्याच जणींच्या नितंबांच्या सर्वांत रुंद भागाशी. त्याहून खाली सुरू झाले असते तर सरळ कटाचा कुर्ता बसताना ओढला असता. जीन्सवर घालणारीला हे माप हवं असतं, सलवारीवर घालणारीला तितकंसं नको. बाहीबद्दल "पाऊण बाही" पुरतं, फक्त इंच द्या. आमची १७ इंच होती, कोपराखाली तीन-चार बोटं.

आणि माया विसरू नका. शिवणीत आत किती कापड सोडलंय, उसवून वाढवता येईल का? आमच्या शिंपीकाकांनी दोन्ही बगलांना मिळून दीड इंच वाढेल इतकी माया ठेवली होती. नाशिकच्या ताईंचा कुर्ता त्याच मायेने वाचला. त्यांनी तिथल्याच शिंप्याकडून उसवून घेतला, खर्च आम्ही दिला.

गळा

गळ्याचं नाव पुरत नाही. "चायनीज कॉलर" म्हटलं तर कुणाच्या डोळ्यापुढे पाऊण इंचाची पट्टी येते, कुणाच्या दोन इंचांची. उंची लिहा. आमची सव्वा इंच, पुढे दोन टोकं जुळत नाहीत, मध्ये अर्धा इंच मोकळं राहतं. आखूड मानेच्या बाईला दोन इंचांची कॉलर हनुवटीला टोचते, सव्वा इंचाची टोचत नाही. ही ओळ वाचून घेणारी हमखास असते.

बटणपट्टी ८ इंच, पाच बटणं, नारळाच्या करवंटीची, खरीखुरी उघडणारी. "खरीखुरी" लिहावं लागतं, कारण पुष्कळ कुर्त्यांत बटणं शोभेची असतात आणि लेकराला अंगावर पाजणाऱ्या आईला फरक पडतो. वरची दोन उघडली तर गळा किती खाली येतो हेही घालून बघा. इंचापेक्षा अंगावरची खूण बरी: "वरची दोन बटणं काढल्यास हासळीच्या हाडाखाली दोन बोटं."

बिनबटणाचा गोल गळा असेल तर एक तपासणी चुकवू नका. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण २२ इंच असतो. हातमागाचं घट्ट कापड ताणत नाही, तेव्हा गळ्याचा घेर त्याहून कमी आणि मागे फट नसेल तर कुर्ता डोक्यातून जाणारच नाही, किंवा गेला तर पट्टी उसवेल. व्ही गळ्याची गोष्ट उलटी. तिथे कापड तिरकं कापलेलं असतं, आणि तिरकं कापड ताणतं. आतून पट्टी किंवा पातळ अस्तर लावलेलं नसेल तर चार धुण्यांत गळा लोंबतो. कुर्ता उलटा करून बघा, पट्टी असेल तर लिहा. नसेल तर वर्णन लिहिण्याआधी शिंप्याकडे परत पाठवा.

प्रसंग

इथे थोडक्यातच लिहावं. ऑफिस, लग्न, पार्टी, प्रवास, पूजा असं सगळं एका कुर्त्याला चिकटवलं की वाचणारीला काहीच कळत नाही. प्रसंग कापडावरून ठरवा. कडक घडी आणि बारीक जर आहे म्हणून हा कुर्ता गुढीपाडव्याच्या सकाळी, गणपतीच्या आरतीला, हळदीकुंकवाला किंवा शाळेच्या कार्यक्रमात शिक्षिकेला शोभतो. संध्याकाळच्या लग्नात रेशमी साड्यांच्या गर्दीत तो साधा दिसेल. लोकलने तासभर जाऊन सभेला बसायचं असेल तर मांडीवर चुण्या पडतील. पुण्यात उन्हाळ्यात दिवसभर घालता येईल. कोकणातल्या आषाढात वाळायला दोन दिवस घेईल. यातलं निदान एक "नाही" वर्णनात ठेवा. तिथेच लोकांचा बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो.

आमसुली कुर्त्याचं वर्णन, जसं शेवटी लिहिलं

फोन आल्यावर त्या ताग्याचे चौदा कुर्ते उरले होते, न भिजवता बेतलेले. ते आम्ही खालचं वर्णन लावून विकले.

> *आमसुली मंगळगिरी कुर्ता, सरळ कट, उभी कॉलर, घेराला जरीकाठ*
>
> भिजलेल्या आमसुलाचा गडद रंग, त्यावर घेराला आणि बाहीला बारीक जरीकाठ. हातमागाचं शंभर टक्के सुती कापड, वीण साधी आणि घट्ट. नवा असताना कडक; दोन-तीन धुण्यांनी मऊ होईल. अंगाला चिकटत नाही, थोडा दूर उभा राहतो. विणीत कुठे कुठे जाड धाग्याची रेघ दिसते, चौथा फोटो पाहा. या रंगाला शमीज लागत नाही. वजन २३५ ग्रॅम, एका मोठ्या हापूसइतकं.
>
> कॉलर सव्वा इंच उंच, पुढे अर्धा इंच मोकळी. ८ इंचांची बटणपट्टी, करवंटीची पाच बटणं, सगळी उघडतात.
>
> मध्यम माप: कुर्त्याची छाती ४०, लांबी ४४, पाऊण बाही १७ इंच, बाजूचे कट खांद्यापासून २४ इंचांवर. काठ घेरावर असल्याने पहिल्या धुण्यात छाती सव्वा इंच आणि लांबी पाऊण इंच कमी होईल. म्हणून ३४ ते ३५ छातीसाठी घ्या. ३६ असेल तर पुढचं माप घ्या. दोन्ही बगलांना मिळून दीड इंच वाढेल इतकी माया आहे.
>
> सणाची सकाळ, आरती, हळदीकुंकू, ऑफिसातला खास दिवस. लांबच्या प्रवासात चुरगळतो. पहिली दोन धुणी वेगळी, गार पाण्यात. सावलीत वाळवा, किंचित ओला असताना उलट बाजूने इस्त्री करा.

इथे मापाची शिफारस ३५ ते ३६ वरून ३४ ते ३५ वर आणली, ती धुतल्यानंतरच्या ३८.८ इंच छातीवरून. आधीचं "ऐसपैस" गेलं आणि त्याच्या जागी आकडा आला. चौदांपैकी एक कुर्ता परत आला, तोही रंग मनासारखा नव्हता म्हणून.

पुढच्या ताग्यापासून शिंपीकाका कापड रात्रभर भिजवून, वाळवून मगच बेततात. त्यामुळे आटण्याची ओळ गेली, पण बरीच खळही निघून गेली. नवा कुर्ता आता पहिल्या दिवशीच पूर्वीपेक्षा मऊ लागतो आणि तेवढा ताठ उभा राहत नाही. म्हणून पोताची ओळ पुन्हा नव्याने लिहावी लागली.